बिल्डरचा खातेउतारा करारनाम्याशी ताडून कसा पाहावा

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या बिल्डरच्या कार्यालयातून मेल आला. ३१ जानेवारीअखेर तुमच्या खात्यावर ४,९७,३०८ रुपये येणे आहे, सात दिवसांत भरा, नाहीतर करारनाम्यातल्या तरतुदीप्रमाणे व्याज चालू राहील. सोबत दोन पानी खातेउतारा. फ्लॅट रावेतचा, करार ६० लाखांचा, इमारतीचं काम अर्धं झालेलं. मेहुणे मुदतठेव मोडायला निघाले होते. मी म्हटलं, एक रविवार द्या आणि फाइल घेऊन या.

मी बरीच वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे असे उतारे पुष्कळ पाहिलेत. त्या दिवशी आम्ही जे केलं ते जसंच्या तसं लिहितो. रकमा त्याच उताऱ्यातल्या आहेत. महाराष्ट्रात रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदलेल्या कुठल्याही प्रकल्पात हीच रीत चालते.

बिल्डरचा उतारा आधी उघडायचाच नाही

बहुतेक जण उतारा समोर ठेवतात आणि त्यातली एकेक ओळ बरोबर आहे का ते शोधत बसतात. यात फसगत होते, कारण उताऱ्यात जे नाही ते अशा पद्धतीनं सापडत नाही. न दाखवलेली पावती ओळींमध्ये कशी दिसेल? म्हणून आधी आपला हिशेब स्वतंत्र मांडायचा आणि मग दोन्ही शेजारी ठेवायचे.

आपल्या हिशेबाला कागद लागतात ते असे. पहिला, नोंदणी झालेला करारनामा. बुकिंगच्या वेळी मिळालेली कॉस्ट शीट नव्हे. कॉस्ट शीटवरचे टप्पे आणि करारनाम्यातले टप्पे वेगळे असलेले मी पाहिले आहेत, आणि पैसे मागण्याचा आधार नोंदणीकृत करारनामाच असतो. दुसरं, आजवर आलेली सगळी मागणीपत्रं, म्हणजे डिमांड लेटर. तिसरं, बिल्डरच्या पावत्या. चौथा, आपल्या बँक खात्याचा उतारा, आणि कर्ज असेल तर कर्जखात्याचाही, कारण बँकेनं बिल्डरला थेट पाठवलेले पैसे आपल्या बचत खात्यात दिसत नाहीत. पाचवा, करार ५० लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर हप्त्यातून आपण कापून सरकारात भरलेल्या कराचे, म्हणजे टीडीएसचे, फॉर्म 26QB आणि त्यावरून निघणारे फॉर्म 16B.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यात मिसळू नका. ती फ्लॅटच्या मोबदल्याचा भाग नाहीत. बिल्डरमार्फत भरली असली तरी तो हिशेब वेगळा.

करारनाम्यातला टप्प्यांचा तक्ता

महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांसोबत करारनाम्याचा एक नमुना दिलेला आहे. त्यात हप्त्यांचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यापर्यंत एकूण किती टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही ही मर्यादा आहे. बहिणीचा करारनामा त्याच नमुन्यावर बेतलेला होता. ६० लाखांवर तो असा उतरतो:

| टप्पा | हप्ता | रक्कम | एकूण मर्यादा |
|---|---|---|---|
| बुकिंग | १०% | ६,००,००० | १०% |
| करारनामा झाल्यावर | २०% | १२,००,००० | ३०% |
| जोते पूर्ण | १५% | ९,००,००० | ४५% |
| स्लॅब पूर्ण (१० स्लॅब, प्रत्येकी २.५%) | २५% | १५,००,००० | ७०% |
| फ्लॅटच्या भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे-खिडक्या | ५% | ३,००,००० | ७५% |
| सॅनिटरी फिटिंग, जिने, लिफ्टची विहीर, लॉबी | ५% | ३,००,००० | ८०% |
| बाहेरचे प्लंबिंग, गिलावा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग | ५% | ३,००,००० | ८५% |
| लिफ्ट, पंप, वीजकाम, आवारातली फरसबंदी इ. | १०% | ६,००,००० | ९५% |
| भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा | ५% | ३,००,००० | १००% |

हा तक्ता वाचताना दोन शब्दांवर पेन्सिलनं खूण करा. एक, 'पूर्ण'. टप्पा सुरू झाला म्हणून हप्ता लागत नाही, तो पूर्ण झाल्यावर लागतो. दुसरा, काम कुठल्या इमारतीचं किंवा फ्लॅटचं हे सांगणारा शब्द. जोते आणि स्लॅबच्या ओळीत तुमचा फ्लॅट ज्या इमारतीत किंवा विंगमध्ये आहे तिचं काम मोजलं जातं. शेजारच्या विंगचा सातवा स्लॅब पडला म्हणून तुमच्याकडे सातव्याचे पैसे मागता येत नाहीत. भिंती-गिलाव्याच्या ओळीत तर नमुना करारनामा त्याहून बारीक आहे, तिथे थेट तुमच्या फ्लॅटचं काम म्हटलं आहे. हा फरक पुढे कामाला आला.

स्लॅबची विभागणी नमुन्यात नाही, ती प्रत्येक बिल्डर आपापल्या इमारतीप्रमाणे करतो. म्हणून आपल्या करारनाम्यात स्लॅब किती धरलेत आणि पहिला स्लॅब कुठला, पार्किंगच्या वरचा की त्याच्या आधीचा, हे तिथेच लिहून ठेवावं.

आपली वही

आता एका कागदावर किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक टप्प्याची एक ओळ मांडायची. मूळ हप्ता, त्यावर जीएसटी, दोन्हींची बेरीज, त्यातून कापलेला टीडीएस आणि प्रत्यक्ष बिल्डरच्या खात्यात गेलेली रक्कम. शेजारी मागणीपत्राची तारीख, देय तारीख, पैसे गेल्याची तारीख आणि यूटीआर, म्हणजे बँकांमधला त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक.

बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या फ्लॅटवर १ टक्का. बहिणीचा फ्लॅट ६० लाखांचा, म्हणजे ४५ लाखांच्या मर्यादेबाहेर, म्हणून ५ टक्के. टीडीएस १ टक्का, कलम १९४-आयएखाली. तो मूळ हप्त्यावर काढायचा, वेगळ्या दाखवलेल्या जीएसटीवर नाही. जोत्याचा हप्ता घेऊ:

मूळ ९,००,०००, जीएसटी ४५,०००, एकूण ९,४५,०००. टीडीएस ९,०००. बिल्डरला जायचे ९,३६,०००.

एका स्लॅबचं गणित याच पद्धतीनं: १,५०,००० अधिक ७,५०० उणे १,५०० म्हणजे १,५६,०००.

जानेवारी २०२४ अखेर दहाही स्लॅब झाले होते. म्हणजे ७० टक्के, मूळ ४२,००,०००, जीएसटी २,१०,०००, एकूण ४४,१०,०००. यापैकी टीडीएस ४२,००० सरकारात आणि ४३,६८,००० बिल्डरकडे जायला हवे होते. बहिणीचे बँक-उतारे आणि कर्जखातं लावून पाहिलं. नेमके ४३,६८,००० गेले होते, आणि टीडीएसची चलनं ४२,००० ची होती. आमच्या वहीप्रमाणे येणेबाकी शून्य.

मग बिल्डरचा उतारा उघडला.

फरकाचे तुकडे करणं

उताऱ्यात मागण्यांची बेरीज ४७,२५,००० होती. जमा बाजूला रोख ४२,१२,००० आणि टीडीएस ३३,०००, म्हणजे ४२,४५,०००. फरक ४,८०,०००. त्यावर व्याज १७,३०८. मिळून ते ४,९७,३०८.

व्याज बाजूला ठेवलं आणि आधी ४,८०,००० चा उगम शोधला. हे काम दोन्ही याद्या शेजारी ठेवून होतं, आधी मागणी बाजू, मग जमा बाजू. मागणी बाजूला आमच्यापेक्षा ३,१५,००० जास्त होते. जमा बाजूला रोखीत १,५६,००० कमी आणि टीडीएसमध्ये ९,००० कमी. या तिघांची बेरीज बरोबर ४,८०,०००.

ही बेरीज रुपयापर्यंत जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. फरकातले पाचशे रुपये जरी सापडत नसतील, तरी बहुधा त्यामागे एक मोठी जमा आणि एक मोठी नावे अशा दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात.

हरवलेले १,५६,०००

रक्कम पाहताच हा एका स्लॅबचा हप्ता आहे हे कळलं. म्हणून एकसारख्या हप्त्यांच्या रकमा पाठ असणं बरं. बहिणीच्या यादीत दहा स्लॅब, उताऱ्यात जमा नऊ. तारखा लावल्या तर नवव्या स्लॅबची ओळ रिकामी. मागणीपत्र २५ सप्टेंबर २०२३ चं, देय १० ऑक्टोबर, आणि एनईएफटी ९ ऑक्टोबरला गेलेला. बँकेच्या उताऱ्यात रक्कम नावे पडली होती आणि परत आलेली नव्हती. म्हणजे पैसे बिल्डरच्या खात्यात पोचले होते.

फाइलमध्ये या हप्त्याची पावती नव्हती. बहिणीनं बँकेच्या अ‍ॅपमधल्या पडद्याचा फोटो काढून बिल्डरच्या विक्री विभागातल्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि त्यानं अंगठा दाखवला होता. तोच पुरावा समजून ती निर्धास्त राहिली. विक्री विभाग आणि लेखा विभाग वेगळे असतात. एनईएफटीच्या तपशिलात फ्लॅट क्रमांक नसेल तर लेखा विभागात ती रक्कम ओळख न पटलेल्या पैशांत पडून राहते किंवा दुसऱ्याच्या खात्यावर चढते.

इथे यूटीआर क्रमांक लागतो. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो आणि आरटीजीएसचा २२. अ‍ॅपवर दिसणारा छोटा व्यवहार क्रमांक बहुतेक वेळा बँकेचा अंतर्गत असतो, बिल्डरच्या बँकेला त्याचा उपयोग नाही. आम्ही बँक-उताऱ्यातून १६ अक्षरी क्रमांक काढला.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो. पैसे पाठवताना तपशिलात विंग आणि फ्लॅट क्रमांक टाका, पैसे करारनाम्यात लिहिलेल्याच बँक खात्यावर पाठवा, आणि आठ दिवसांत पावती आली नाही तर लेखा विभागाच्या मेलवर मागा. पावतीवर 'चेक वठण्याच्या अधीन' असं छापलेलं असेल तर ती पुरेशी नाही, उताऱ्यातली जमाच पाहा.

टीडीएसचे ९,०००

ही चूक जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये भेटते, आणि निम्मा दोष आपलाच असतो.

टीडीएस आपण बिल्डरच्या नावानं सरकारात भरतो. बिल्डरच्या दृष्टीनं त्याला ९,४५,००० हवे होते आणि हातात ९,३६,००० आले. उरलेले ९,००० त्याच्या पॅनवर जमा झाल्याचा कागद मिळाला की तो आपल्या खात्यात ते जमा दाखवतो. हा कागद म्हणजे फॉर्म 16B. तो आपणच प्राप्तिकर खात्याच्या TRACES या संकेतस्थळावरून उतरवून बिल्डरला पाठवायचा असतो. चलन भरलं की काम संपलं असं समजून बरेच जण इथे थांबतात.

बहिणीनं जोत्याच्या हप्त्याचा टीडीएस वेळेत भरला होता. पैसे जून २०२२ मध्ये गेले, म्हणजे महिना संपल्यापासून ३० दिवस, ३० जुलैपर्यंत 26QB भरायचा होता, आणि तो त्याआधीच भरलेला होता. फक्त 16B उतरवलाच नव्हता. बाकीच्या सगळ्या हप्त्यांचे पाठवलेले, हा एकच राहिला. आम्ही तिथल्या तिथे TRACES वर जाऊन तो काढला.

पडताळा करायची सोपी जागा म्हणजे आपला 26AS, म्हणजे आपल्या पॅनवरचा प्राप्तिकर खात्याचा कर-उतारा. त्यात मालमत्ता खरेदीदार म्हणून आपण भरलेल्या रकमा वेगळ्या भागात येतात. प्रत्येक 26QB ची ओळ तिथे दिसते का, बिल्डरचा पॅन करारनाम्यातल्या पॅनशी जुळतो का, हे पाहा. पॅनचं एक अक्षर चुकलं तर टीडीएस भलत्याच्या नावावर जातो आणि बिल्डर तो जमा दाखवणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसते. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावे असेल तर प्रत्येक खरेदीदाराचा 26QB वेगळा, त्यामुळे 16B सुद्धा दोन. एकाचाच पाठवला की निम्मा टीडीएस थकीत दिसतो.

टीडीएसची एक उलटी चूकही आहे. बँकेनं मागणीपत्राची पूर्ण रक्कम बिल्डरला पाठवली आणि आपण टीडीएस वेगळा भरला, तर बिल्डरकडे १ टक्का जास्त जातो. तसं झालं असेल तर आपल्या वहीत जादा जमा दिसेल. ती पुढच्या हप्त्यात वळती करून मागावी. म्हणून बँकेला वाटपाचं पत्र देताना टीडीएस वजा करून रक्कम लिहायची.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्याआधीच्या हप्त्यांचा माग काढताना मात्र हीच जुनी नावं शोधावी लागतील.

व्याजाच्या ओळी उलट्या सोडवा

उताऱ्यात व्याजाच्या तीन ओळी होत्या: ६,००१, ८,६९३ आणि २,६१४. दर कुठे छापलेला नव्हता, दिवसही नव्हते. अशा वेळी व्याजावरून दर काढता येतो.

```
दर (%) = व्याज × 365 × 100 ÷ (रक्कम × दिवस)
```

६,००१ ची ओळ जोत्याच्या हप्त्यासमोर होती. मागणीपत्र ६ जून २०२२ चं, करारनाम्याप्रमाणे १५ दिवस, देय तारीख २१ जून. बिल्डरच्या पावतीवर तारीख ४ जुलै, म्हणजे १३ दिवस उशीर. रक्कम ९,३६,०००. सूत्रात घातलं तर दर बरोबर १८ टक्के निघतो.

करारनाम्यात मात्र व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा, म्हणजे तिच्या कर्जांच्या पायादरापेक्षा, २ टक्के जास्त असं होतं. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतला दर हाच आहे, आणि कायद्यानं ग्राहकानं उशीर केला तरी आणि बिल्डरनं केला तरी दर एकच. १८ टक्के हा बहुधा त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या प्रकल्पापासून राहिलेला आकडा असावा.

पण दरावर भांडायच्या आधी मूळ उशीर झाला का, हे पाहायचं. कर्जखात्याच्या उताऱ्यात बँकेनं आरटीजीएस केला ती तारीख १७ जून होती. देय तारखेच्या चार दिवस आधी. लेखा विभागानं ज्या दिवशी नोंद केली त्या दिवसाची पावती फाडली, आणि सॉफ्टवेअरनं पावतीच्या तारखेपासून व्याज मोजलं. आरटीजीएसमध्ये पैसे त्याच दिवशी पोचतात, त्यामुळे ६,००१ रुपयांना कसलाच आधार नव्हता. ८,६९३ हे हरवलेल्या १,५६,००० वरचं ११३ दिवसांचं व्याज. २,६१४ हे ९,००० टीडीएसवर ५८९ दिवसांचं. मूळच नव्हतं, तर व्याज कुठलं.

करारनाम्यातलं आणखी एक कलम इथे वाचून ठेवा. नमुना करारनाम्यात ग्राहक बिल्डरला अशी मुभा देतो की आलेली रक्कम कायदेशीर येणेबाकीतल्या कुठल्याही बाबीत वळती करावी. म्हणजे चुकीचं व्याज एकदा खात्यावर चढलं की पुढच्या हप्त्यातून आधी ते वळतं होऊ शकतं, मग तो हप्ता तेवढा अपुरा ठरतो, आणि त्यावर पुन्हा व्याज. ओळखायची खूण अशी: पावतीवर तुम्ही पाठवलेली रक्कम दोन बाबींत विभागलेली दिसते, किंवा प्रत्येक हप्त्यानंतर शंभर-दोनशे रुपये वाढत जाणारी छोटी बाकी राहते. बहिणीच्या बाबतीत अजून तसं झालं नव्हतं. दोन-तीन हप्ते गेले असते तर गुंता सोडवायला अख्खा आठवडा लागला असता.

न आलेला टप्पा

उरले ३,१५,०००. मूळ ३ लाख आणि जीएसटी १५ हजार. मागणीपत्र १६ जानेवारी २०२४ चं, शीर्षक 'वीटकाम पूर्ण'.

करारनाम्यात 'वीटकाम' असा टप्पाच नव्हता. भिंती, आतला गिलावा, फरशी आणि दारे-खिडक्या, हे सगळं पूर्ण झाल्यावर मिळून ५ टक्के. मागणीपत्रात टप्प्याचं नाव बदललेलं दिसलं की तिथे थांबा. मागणीपत्रातला शब्द करारनाम्यातल्या कुठल्याच ओळीत सापडत नसेल तर नव्वद टक्के वेळा टप्पा फोडून आधीच पैसे मागितलेले असतात.

आम्ही त्याच दिवशी साइटवर गेलो. चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये भिंती उभ्या होत्या, दोन खोल्यांना गिलावा झाला होता, फरशी नव्हती, खिडक्यांच्या चौकटी नव्हत्या. प्रत्येक खोलीचा फोटो काढला, आणि दारातून जिन्यावरचा मजला क्रमांक दिसेल असाही एक.

मग महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडलं. बिल्डरला दर तिमाहीला प्रगतीची माहिती तिथे टाकावी लागते, आणि त्यासोबत वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र असतं, ज्याला फॉर्म १ म्हणतात. त्यात प्रत्येक इमारतीसाठी कामांचा तक्ता असतो आणि त्याच्या ओळी हप्त्यांच्या तक्त्याशी जवळजवळ जुळतात: जोते, स्लॅब, मग आतल्या भिंती-गिलावा-फरशी-दारे-खिडक्या, मग सॅनिटरी, असं पुढे. प्रत्येक ओळीसमोर किती टक्के काम झालं ते लिहिलेलं असतं. डिसेंबर २०२३ अखेरच्या प्रमाणपत्रात या ओळीसमोर पूर्णच्या जवळपासही आकडा नव्हता. बिल्डरनं स्वतः अपलोड केलेला कागद त्याच्याच मागणीच्या विरोधात बोलतो, याहून चांगला पुरावा नाही.

या कागदाच्याही मर्यादा आहेत. तो तिमाहीचा असतो, म्हणून दोन-अडीच महिने जुना असू शकतो. तो इमारतीचा सरासरी आकडा सांगतो, तुमच्या फ्लॅटचा नाही. स्लॅब आणि जोत्यासाठी तो पुरतो, पण फ्लॅटच्या आतल्या टप्प्यासाठी फोटोच हवेत. बँकेचा अभियंता पाहून गेला म्हणून निर्धास्त राहू नका. तो बँकेचं तारण पाहतो, तुमच्या करारनाम्यातले शब्द नाही.

यात आपलं काय जातं? कर्ज काढलं असेल तर व्याज. ३,१५,००० बँकेनं चार महिने आधी दिले, तर साडेआठ टक्क्यांनी सुमारे ८,९०० रुपये आपण न झालेल्या कामासाठी भरतो.

पत्र कसं लिहायचं

फोन करू नका, म्हणजे केला तरी त्यानंतर मेल करा. आणि एकाच मेलमध्ये सगळं रागानं लिहू नका. आम्ही पाठवलेल्या मेलचा गाभा असा होता:

"महोदय, आपल्या ३१ जानेवारी २०२४ च्या उताऱ्यात ४,९७,३०८ रुपये येणे दाखवले आहे. त्याचा तपशील पुढीलप्रमाणे तपासला. (१) ९ ऑक्टोबर २०२३ रोजी एनईएफटीनं पाठवलेले १,५६,००० रुपये जमा नाहीत. यूटीआर व बँक-उताऱ्याची प्रत सोबत. (२) जोत्याच्या हप्त्याचा टीडीएस ९,००० रुपये जमा नाही. फॉर्म 16B सोबत. (३) १६ जानेवारीच्या मागणीपत्रातला टप्पा करारनाम्यात नाही. भिंती, गिलावा, फरशी व दारे-खिडक्यांचा टप्पा पूर्ण झालेला नाही. फोटो व महारेरावरील प्रमाणपत्र सोबत. हा टप्पा पूर्ण होताच ३,१५,००० रुपये वेळेत देऊ. (४) वरील कारणांमुळे १७,३०८ रुपये व्याज लागू होत नाही. ते रद्द करून दुरुस्त उतारा पाठवावा."

तिसऱ्या मुद्द्यातलं 'टप्पा पूर्ण होताच देऊ' हे वाक्य मुद्दाम आहे. रेरा कायद्यानं वेळेवर पैसे देणं ही ग्राहकाची जबाबदारी ठरवली आहे. म्हणून जी रक्कम खरोखर देय आहे ती वादासाठी अडवून ठेवू नये. बिल्डरच्या चार मागण्यांपैकी एक वादाची आणि तीन बरोबर असतील, तर त्या तिन्हींचे पैसे भरायचे आणि फक्त चौथीवर लिहायचं. सगळंच अडवलं तर आपणच थकबाकीदार ठरतो, आणि नमुना करारनाम्यात तीनदा थकबाकी झाली तर नोटीस देऊन करार रद्द करण्याची वाट बिल्डरला मोकळी असते.

उत्तर आलं नाही, किंवा दुरुस्ती नाकारली, तर महारेराच्या सलोखा मंचाकडे जाता येतं, आणि त्यानंतर कलम ३१ खाली तक्रार. त्या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो की तुमचा हिशेब कुठे आहे. तो आधीच तयार असला तर सुनावणी लवकर आटोपते.

हे तपासणं प्रत्येक हप्त्याच्या आधी करावं, दहा मिनिटांचं काम आहे. निदान ताब्याच्या आधीचा अंतिम उतारा तरी संपूर्ण ताडून घ्यावा. त्यात देखभालीची आगाऊ रक्कम, सोसायटी नोंदणी, मीटर अशा बाबी येतात, आणि त्या मोबदल्यात मिसळल्या जातात. चटई क्षेत्राचा फरकही त्यातच येतो. करारनाम्यात ३ टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो, पण त्या मर्यादेतही क्षेत्र कमी भरलं तर बिल्डरनं जादा घेतलेली रक्कम ४५ दिवसांत व्याजासह परत करायची असते. ताबा घेऊन किल्ली हातात आल्यावर हे सगळं मागणं फार जड जातं.

बहिणीच्या मेलला तीन दिवस उत्तर नव्हतं. चौथ्या दिवशी लेखा विभागातून फोन आला, १,५६,००० दुसऱ्या विंगमधल्या त्याच क्रमांकाच्या फ्लॅटवर चढले होते. आठवड्याभरात ते आणि टीडीएस जमा झाले, व्याजाच्या तिन्ही ओळी उलट नोंदीनं निघाल्या. ३,१५,००० बद्दल त्यांनी दोनदा आग्रह धरला, मग मागणीपत्र मागे घेतलं. जूनमध्ये खिडक्या बसल्यावर नवं मागणीपत्र आलं, त्यात टप्प्याचं नाव करारनाम्यातल्या शब्दांत लिहिलेलं होतं, आणि बहिणीनं पंधरा दिवसांच्या आत पैसे भरले, तपशिलात विंग आणि फ्लॅट क्रमांक टाकून.